लेट मार्क : किती मिनिटं सोडायची, अर्धा दिवस कधी कापायचा?

चटईवाला_जळगाव:
जळगाव एमआयडीसीत आमचा चटईचा कारखाना आहे, 60 माणसं. वेळ 9 ची. सध्या 10 मिनिटं सूट आणि महिन्यात तीन लेट झाले की अर्धा दिवस कट. मागच्या महिन्यात एक हेल्पर 9:12, 9:14 आणि 9:18 ला आला. पगारातून 350 रुपये गेले, तर माणूस हिशेब मागतोय. नियम बदलू का?

तापीकाठ:
काही बदलू नका भाऊ. तीन लेटला अर्धा दिवस हा कायदाच आहे. सगळीकडे हेच चालतं.

पगारपत्रक:
चालतं सगळीकडे, पण कायदा तो नाही. 1936 च्या वेतन कायद्याचं कलम 9 सांगायचं की गैरहजेरीची कपात गैरहजर वेळेच्या प्रमाणातच हवी. आता त्याच्या जागी आलेल्या वेतन संहितेतही सूत्र तेच.

तुमचाच हिशेब घ्या. 350 म्हणजे रोज 700, आणि 8 तासांची 480 मिनिटं. तो एकूण उशिरा आला 44 मिनिटं. म्हणजे कपात साधारण 64 रुपये. वरचे 286 कशाचे, हे त्याला सांगता येणार नाही.

धाक हवाच असेल तर चौथ्या लेटपासून अर्धी किरकोळ रजा वजा करा, पण ते आधी लेखी लावा. रजा संपली की पुन्हा मिनिटांवर या.

भुसावळ_पॅसेंजर:
माझी गाडीच रोज वीस मिनिटं उशिरा. संध्याकाळी अर्धा तास जास्त थांबतो, तो कोणी मोजत नाही. आणि खरं सांगू? तिसरा लेट दिसला की आमच्याकडे पोरं स्टेशनवर चहा पितात आणि दुपारी दीडलाच जातात. अर्धा दिवस गेलाच आहे ना!

चटईवाला_जळगाव:
हे आमच्याकडेही होतं! मला वाटायचं पोरं कामचुकार आहेत. मग सूट 15 करू?

पगारपत्रक:
आधी मशीनचा रिपोर्ट उघडा. बहुतेक पंच 9:05 ते 9:14 मध्ये एकामागोमाग असतील तर माणसं वेळेत आलीत, रांगेत अडकलीत. ओलं, घासलेलं बोट दोन-तीनदा लावावं लागतं. एका पंचला 10 सेकंद धरले तरी 60 जणांना 10 मिनिटं, म्हणजे तुमची सूट रांगेतच संपली. दुसरं मशीन लावा. घड्याळही मोबाईलशी ताडून बघा.

सूट 15 केली तर महिन्याभरात सगळे 9:14 ला येतील. आणि 9:12 म्हणजे 12 मिनिटं लेट की 2, हेही लिहून ठेवा, भांडण तिथूनच सुरू होतं.

तापीकाठ:
बरं, कायदा नसेल. पण मिनिटांवर 64 रुपये कापून कोण सुधारतो? आमच्याकडे नाही सुधारत.

चटईवाला_जळगाव:
रिपोर्ट काढला. 9:03 ते 9:13 मध्ये 41 पंच. हेल्परचे 286 परत देतोय. रजेचं मात्र भागीदाराला पटत नाहीये. भुसावळवाल्यांसाठी साडेनऊची वेगळी वेळ कोणी ठेवली आहे का?