शब्दचर्चा : शीर, नस आणि स्नायू

कृष्णाकाठ : माझे दहावीपर्यंतचे शिक्षण वाळवा तालुक्यातील मराठी शाळेत झाले आणि यंदा मी वैद्यकीय अभ्यासक्रमाच्या पहिल्या वर्षाला आहे. इंग्रजी पुस्तक वाचताना मी समासात पेन्सिलीने मराठी शब्द लिहून ठेवते. व्हेनपुढे ‘शीर’, नर्व्हपुढे ‘नस’, मसलपुढे ‘स्नायू’ असे लिहिले होते आणि त्यावर माझे बरे चालले होते. गेल्या आठवड्यात शवविच्छेदनाच्या टेबलावर मनगटाच्या मधोमध असलेली एक पांढरी दोरी दाखवून मला तिचे नाव विचारण्यात आले. माझ्या मनात पहिल्यांदा ‘शीर’ हाच शब्द आला, कारण मनगट वाकवले की तिथे जी दोरी उठून दिसते तिला आमच्या घरी शीरच म्हणतात. पण ती दोरी व्हेन नव्हे, हे समोर दिसतच होते, म्हणून मी ‘नस’ धरली आणि मीडियन नर्व्ह असे उत्तर दिले. ती पामारिस लाँगस या मसलचे टेंडन निघाली. घरी आजीला विचारले, तर तिच्या लेखी व्हेन, नर्व्ह आणि टेंडन या तिन्ही शिराच आहेत, आणि रात्री पोटरीत गोळा आला तरी ती ‘शिरेवर शीर चढली’ असेच म्हणते. माझा प्रश्न एवढाच आहे की समासात या तिघांपुढे एकमेकांत न मिसळणारे कोणते मराठी शब्द लिहावेत?

वाईकर : मी छत्तीस वर्षे मराठी शिकवले. आपल्या भाषेत या प्रत्येकासाठी स्वतंत्र शब्द आहे आणि तो वापरात न ठेवल्यामुळेच हा गोंधळ होतो. व्हेनला नीला, आर्टरीला रोहिणी, नर्व्हला मज्जातंतू, टेंडनला कंडरा आणि मसलला स्नायू असे लिहावे. ‘नस’ हा हिंदीतून आलेला शब्द आहे, तो मुळीच घेऊ नये. स्नायू हा शुद्ध संस्कृत शब्द असून त्याचा अर्थ मांसाचा गोळा असाच आहे. हिंदीत आणि बंगालीत तो नर्व्हसाठी वापरतात, ती त्यांची चूक आहे.

कराडचा वैद्य : गुरुजी, शब्दांची यादी उत्तम आहे, पण स्नायूच्या बाबतीत मला नम्रपणे असहमती नोंदवावी लागेल. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात सिरा ७००, पेशी ५०० आणि स्नायू ९०० अशी स्वतंत्र गणना आहे. त्यात मांसाच्या अवयवाला ‘पेशी’ म्हटले आहे, तर स्नायू म्हणजे सांधे बांधून ठेवणारे दोरीसारखे बंध. अर्थ मराठीनेही बदलला आणि बंगालीनेही, फक्त वेगवेगळ्या दिशांना. आमच्याकडे पहिल्या वर्षाला येणाऱ्या मुलांची अडचण तर या विद्यार्थिनीच्या नेमकी उलट असते. शाळेत पेशी म्हणजे सेल असे पक्के झालेले असते, आणि संहितेत ५०० पेशी वाचल्यावर त्यांना कळत नाही की शरीरात एवढ्याच सेल कशा. ‘नस’ हिंदीतून आला असे म्हणण्याआधीही थोडे थांबावे. स्नायूसाठी संस्कृत कोशांत ‘स्नसा’ असाही शब्द सापडतो आणि नस त्याच कुळातला असावा, असे मला वाटते.

तासगावचा पालक : माझा मुलगाही मराठी माध्यमातून गेला आणि पहिल्या सहामाहीत फार खचला होता, म्हणून सांगतो. मुलीने चांगला इंग्रजी–मराठी शब्दकोश घ्यावा आणि रोज वीस शब्द पाठ करावेत. माझी स्वतःची कमरेची नस दबली आहे आणि पायात कळ जाते. डॉक्टरांनी नस म्हटले तेव्हा मी रक्ताची नळी समजलो होतो आणि महिनाभर रक्त पातळ होण्यासाठी लसूण खात राहिलो.

कृष्णाकाठ : काका, आपला अनुभव माझ्या प्रश्नाच्या अगदी जवळचा आहे. मात्र मला इंग्रजी शब्दाचा अर्थ कोशात सापडत नाही, अशी अडचण नाही. अर्थ सापडतो, पण तो ज्या मराठी शब्दावर जाऊन बसतो तो शब्दच तीन वस्तूंचा आहे.

जुना शरीररचनावाला : मी अनेक वर्षे पहिल्या वर्षाला शिकवले आहे आणि हीच चूक इंग्रजी माध्यमाची मुलेही त्याच मनगटावर करतात, हे आधी सांगतो. फॉर्मॅलिनमध्ये राहिलेल्या शरीरात टेंडन आणि नर्व्ह दोन्ही पांढुरक्या दिसतात. मीडियन नर्व्ह पामारिस लाँगसच्या किंचित खाली आणि अंगठ्याच्या बाजूला असते, म्हणजे अंतर जेमतेम काही मिलिमीटरचे. त्यामुळे तिथे नाव आठवू नका, दोरी कोपराकडे चालत न्या. टेंडन असेल तर ती थोड्या अंतरावर रुंद होत मांसल भागात मिसळेल. नर्व्ह असेल तर ती मसलमध्ये विरघळणार नाही, बोटे वाकवणाऱ्या मसलच्या दोन थरांमध्ये शिरून तशीच वर जाईल. जवळून पाहिले तर टेंडनला चकाकी असते, नर्व्ह निस्तेज असते आणि तिच्यात बारीक धाग्यांच्या जुड्या दिसतात.

स्वतःच्या हातावरही पाहता येते. अंगठ्याचे आणि करंगळीचे टोक जुळवून मनगट आत वाकवा, मधोमध उठते ती पामारिस लाँगस. बऱ्याच लोकांत ती एका किंवा दोन्ही हातांत जन्मतःच नसते, त्यामुळे उठली नाही तर घाबरू नये. धोका मात्र खरा आहे. ती नसल्याने हाताचे काही अडत नाही, म्हणून शल्यचिकित्सक ती काढून दुसरीकडे जोडतात, आणि तिच्याऐवजी मीडियन नर्व्हच काढली गेल्याच्या घटना वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेल्या आहेत.

राहिला शब्द. आजीला चूक ठरवू नका. ग्रीकमधील ‘न्यूरॉन’ या शब्दाचा मूळ अर्थ धनुष्याची दोरी, कंडरा असाच होता, नर्व्ह हा अर्थ मागाहून आला. जुना अर्थ आजही तुमच्या पुस्तकात आहे. पामारिस लाँगस तळहातात जिथे पसरते त्या पडद्याला अ‍ॅपोन्यूरोसिस म्हणतात आणि त्याचा नर्व्हशी काहीही संबंध नाही.

वाईकर : वैद्यांनी दाखवलेला संदर्भ मी मान्य करतो. तरीही मराठीत स्नायू म्हणजे मसल हे आता शालेय पुस्तकांनी रुजवले आहे, ते मोडू नये. आणि ग्रीकांचाही गोंधळ होता म्हणून आपण ‘शीर’ तशीच ठेवावी, हे मला पटत नाही. कंडरा हा शब्द वापरला तरच रुजेल.

जुना शरीररचनावाला : वापरणार कोणाशी, हा प्रश्न उरतो. मिरजेच्या बाह्यरुग्ण विभागात कंडरा म्हणणारा रुग्ण मला भेटलेला नाही. ‘शीर आखडली’ म्हणणारा रोज भेटतो, आणि त्याला मुंग्या येतात का, बधिरपणा आहे का, की बोट वाकतच नाही, हे विचारूनच कोणती शीर ते ठरवावे लागते.

कराडचा वैद्य : म्हणजे समासात दोन रकाने हवेत, एक पुस्तकाचा आणि एक रुग्णाचा.

कृष्णाकाठ : काल संध्याकाळी तीच दोरी मी पुन्हा कोपरापर्यंत नेली आणि ती मांसात मिसळताना पाहिली. टेंडनपुढे कंडरा लिहिले आहे. व्हेनपुढची ‘शीर’ खोडून नीला केले. नर्व्हपुढे मात्र अजून काही लिहिलेले नाही, कारण शाळेच्या पुस्तकात चेतासंस्था आणि चेतापेशी होत्या, गुरुजी मज्जातंतू म्हणतात, आणि बोन मॅरोला अस्थिमज्जा म्हणतात तेव्हा ही मज्जा कोणती, हे मला समजलेले नाही.

वाईकर : मज्जेचा प्रश्न रास्त आहे. त्यावर उद्या सविस्तर लिहितो.