मदत हवी आहे: शेंगा चटणीची बरणी चकचकीत टेबलावर टेकलेली वाटत नाही

होटगीरोड_डिझाइन
नमस्कार मंडळी. सोलापुरातल्या एका घरगुती उद्योगासाठी मी शेंगा चटणीच्या काचेच्या बरणीचे जाहिरातचित्र करत आहे. बरणीचा फोटो पांढऱ्या कागदावर वेगळा घेतलेला आहे आणि गडद तपकिरी पॉलिशच्या टेबलाचा फोटो वेगळा आहे. टेबलामागे डाव्या बाजूला खिडकी असल्यामुळे तिच्या उजेडाचा एक दुधी पट्टा पृष्ठभागावर पडलेला दिसतो, आणि नेमक्या त्याच पट्ट्यावर बरणी ठेवायची आहे.

बरणी स्वच्छ कापून घेतली, तिची प्रत Flip Vertical करून खाली जोडली, तिला Screen मोड दिला आणि मास्कवर ग्रेडियंट टाकून ती खाली विरत नेली. बरणीखाली काळ्या रंगाची एक मऊ लंबगोल सावलीही दिली आहे. तरीही बरणी टेबलापासून बोटभर वर अधांतरी असल्यासारखी वाटते. सावली गडद केली तर टेबलावर डाग पडल्यासारखे दिसते आणि फिकी केली तर बरणी आणखी वर उचलली जाते. नेमके काय चुकत असावे?

मोगरा_०७
माझ्या अनुभवात प्रतिबिंबाची ओपॅसिटी ३० टक्क्यांच्या आत ठेवली आणि थोडा Gaussian Blur दिला की काम होते. सावलीही एकच मोठी न ठेवता दोन कराव्यात: एक अगदी तळाशी बारीक आणि गडद, दुसरी पसरट आणि फिकी. आपली सावली एकच असल्यामुळे हा प्रश्न येत असावा.

टॉवेल_कॅटलॉग
आम्ही टेरी टॉवेलांचे कॅटलॉग करतो आणि आमची अडचण याच्या उलट आहे. घडीखाली बारीक गडद रेघ दिली की टॉवेल कापून चिकटवल्यासारखा दिसतो. म्हणून मी सावली फक्त पसरट ठेवतो. आपणही ती बारीक रेघ टाळून पाहावी.

छायाप्रकाश
टॉवेलची घडी कडेला गोलाकार असते. ती टेबलाला टेकते ती कडेच्या बरीच आत, म्हणून तिथला अंधार घडीच्या पोटातून बाहेर येत फिकट व्हायला हवा आणि बाहेरून मारलेली रेघ तिथे खोटी वाटणारच. काचेच्या बरणीचे तसे नाही. तिला ती बारीक गडद सावली लागतेच, त्यामुळे मोगरा यांची दोन सावल्यांची सूचना बरोबर आहे. मात्र मूळ दोष सावलीत नसून प्रतिबिंबात असावा, असा माझा अंदाज आहे. दोन मापे सांगाल का? बरणीच्या तळाची रुंदी किती पिक्सेल आहे, आणि तळाची समोरची कड मधोमध टोकांपेक्षा किती खाली उतरते? टेबलाच्या फोटोत एखादी गोल वस्तू असल्यास तिचीही मापे द्यावीत.

होटगीरोड_डिझाइन
तळ ६२० पिक्सेल रुंद आहे आणि समोरची कड मधोमध ६० पिक्सेल खाली येते. टेबलाच्या फोटोत एका कोपऱ्यात स्टीलची वाटी आहे, जी नंतर कापली जाणार आहे. तिच्या तोंडाचा लंबगोल ४०० पिक्सेल रुंद आणि साधारण ८० उंच आहे.

छायाप्रकाश
म्हणजे बरणीच्या तळाचा पूर्ण लंबगोल १२० उंच झाला. १२० भागिले ६२० म्हणजे ०.१९ आणि वाटीचे गुणोत्तर ०.२०. दोन्ही फोटोंत कॅमेरा टेबलाच्या पातळीपासून सुमारे ११ अंश वर होता, हे फार चांगले झाले. हा कोन जुळला नसता तर पुढचे सगळे कष्ट वाया गेले असते.

आता प्रतिबिंबाकडे नीट पाहा. कॅमेरा वरून असल्यामुळे तळाची कड खाली झुकलेली कमान आहे. आपण प्रत उलटी केलीत तेव्हा तिची कमान वर झुकली. या दोन कमानी फक्त मध्यबिंदूवर भेटतात आणि दोन्ही टोकांना सुमारे १२० पिक्सेलची पाचर उघडी राहते. तिथून टेबल दिसते, आणि डोळा तीच जागा बरणीखालची पोकळी समजतो. खरे प्रतिबिंब बरणीच्या त्याच कडेपासून सुरू होते, म्हणून उलट्या प्रतीला Warp लावून तिची वरची कड खाली झुकवावी लागेल. लेबलच्या आडव्या रेघाही तशाच झुकल्या पाहिजेत. उलट्या प्रतीत त्या वर झुकलेल्या राहतात. झाकणाचा वरचा चपटा भाग प्रतिबिंबात कधीच दिसत नाही, तो कापून टाकावा.

दुसरी गोष्ट Screen मोडची. तो मोड फक्त उजेड वाढवतो. आपल्या टेबलावर खिडकीचा दुधी पट्टा आहे, आणि तो पट्टा म्हणजे स्वतःच एक प्रतिबिंब आहे. बरणी मध्ये आली की तेवढ्या भागात खिडकीऐवजी बरणी दिसायला हवी, म्हणजे टेबल तिथे आधीपेक्षा गडद व्हायला हवे. आत्ता पट्टा बरणीच्या प्रतिबिंबातून आरपार चमकत असणार. म्हणून आधी प्रतिबिंबाच्या आकाराचा मास्क करून त्यात पट्टा नसलेल्या जागेवरचे टेबल क्लोन करावे, त्यावर Multiply मोडमध्ये सावल्या ठेवाव्यात आणि सर्वांत वर Screen मोडमधले प्रतिबिंब. सावली लाकडाचा रंग काळवंडते, पॉलिशवरची चमक तिने झाकली जात नाही, म्हणून हाच क्रम ठेवावा.

सावलीचा रंग शुद्ध काळा न घेता लाकडातल्या सर्वांत गडद रेषेवरून उचलावा. या मापाच्या चित्रात आतली सावली ३ ते ४ पिक्सेलच्या ब्लरची पुरे. बरणीची काच तळाशी आत वळलेली असते, त्यामुळे ती सावली बाह्यरेषेच्या किंचित आत सर्वांत गडद असावी. पसरट सावली खिडकीच्या विरुद्ध, म्हणजे पुढे उजवीकडे जावी आणि जसजशी दूर जाईल तसतशी अधिक मऊ व्हावी.

मोगरा_०७
मग ३० टक्के ओपॅसिटीचे काय? आणि प्रतिबिंब खाली पूर्ण विरले पाहिजे ना?

छायाप्रकाश
पॉलिशचा थर सरळ वरून पाहिला तर सुमारे ४ टक्केच उजेड परतवतो, पण ११ अंशांइतक्या तिरप्या नजरेला तो ३५ टक्क्यांच्या आसपास जातो. मात्र ही टक्केवारी उजेडाची आहे. तोच आकडा ओपॅसिटीत भरू नये. वाटीचे प्रतिबिंब तिच्या काठाच्या मानाने किती उजळ दिसते ते पाहून ठरवावे, कारण कोपऱ्यातली ती वाटी या टेबलाचा आयता पुरावा आहे. प्रतिबिंब खाली थोडे फिके होते, कारण बरणीचा वरचा भाग कॅमेऱ्याच्या जवळच्या जागेत दिसतो आणि तिथे नजर किंचित सरळ पडते. पण ते पूर्ण नाहीसे होण्याचे कारण नाही. पूर्ण विरवणे हा जाहिरातीतला रिवाज आहे.

मोगरा_०७
रिवाज असला तरी ग्राहकाचे लक्ष लेबलवर राहते, हा त्याचा उपयोग आहे. खाली उलटे लेबल ठळक दिसले तर नजर तिकडे ओढली जाते. मी तरी विरवीनच.

होटगीरोड_डिझाइन
दोघांचेही मनापासून आभार. Warp करून कड जुळवताच पाचरी बुजल्या आणि बरणी खाली बसली. लहान आकारातही ती टेकलेली दिसते. पट्ट्याच्या जागी टेबल क्लोन केल्यावर प्रतिबिंबाला वजन आले. धूसरपणासाठी एक स्पष्ट आणि एक ब्लर केलेली अशा दोन प्रती ठेवून मास्कवरच्या ग्रेडियंटने त्या एकमेकींत मिसळल्या. तळाशी लेबलची कड स्पष्ट आहे आणि झाकणाकडे ती मऊ होते. विरवण्याबाबत मी अर्ध्यावर थांबलो आहे.

एक शंका मात्र उरली आहे. चटणी गळ्यापर्यंत भरलेली नाही, वर दोन बोटे रिकामी काच आहे. प्रतिबिंबात त्या भागातून खिडकीचा पट्टा दिसू द्यावा का?

छायाप्रकाश
थोडा फिका आणि कडेला वाकडा झालेला दिसू द्यावा, असे मला वाटते. पण तो किती वाकेल हे काचेच्या जाडीवर आहे. शक्य असल्यास तीच बरणी त्याच टेबलावर ठेवून मोबाइलने एक फोटो काढा आणि इथे टाका.

टॉवेल_कॅटलॉग
घडीच्या पोटातून सावली काढण्याची पद्धत मी उद्या करून पाहतो. पण टॉवेलच्या लव असलेल्या कडेवर मास्क कसा ठेवावा, हे कोणी सांगू शकेल का?