चार्जिंगला लावलेला फोन हातात घ्यावा की नाही?

कोपरीकर
आमच्या सासऱ्यांचा दंडक आहे की फोन चार्जिंगला असताना त्याला कोणीही हात लावायचा नाही, कारण शॉक बसून माणूस दगावतो. मुलगा म्हणतो की केबलमध्ये फक्त पाच व्होल्ट असतात, त्याने काय होणार! मी मात्र स्वतः अनुभवले आहे की स्वयंपाकघरात ओल्या लादीवर अनवाणी उभी राहून चार्जिंगचा फोन उचलला की त्याच्या धातूच्या कडेला मुंग्या आल्यासारखे जाणवते, आणि चपला घातल्या की ते थांबते. या दोघांपैकी बरोबर कोण?

घोडबंदरवाला
सासरेबुवा बरोबर आहेत. चार्जिंग चालू असताना फोनवर बोलताना माणसे गेल्याच्या बातम्या दरवर्षी वाचायला मिळतात. लंडनमध्ये २०१६ साली एक जण न्हाणीघरातील टबात बसून फोन चार्ज करत असताना विजेच्या धक्क्याने मरण पावला, हे तर तिथल्या मृत्युचौकशीत नोंदले गेले आहे. पाच व्होल्टचा हिशेब अशा वेळी कुठे जातो, हे मुलाने सांगावे. माझ्या घरी नियम सरळ आहे, आधी प्लग काढायचा आणि मग फोन उचलायचा.

महापे सप्लाय
मी टीटीसी औद्योगिक वसाहतीत बरीच वर्षे पॉवर सप्लाय दुरुस्त करत आलो आहे, त्यामुळे माझ्या परीने सांगतो. ताईंना जाणवलेल्या मुंग्या हा भास नाही, मात्र तेवढ्यावरून चार्जर बिघडला आहे असेही ठरत नाही. चार्जरच्या आत २३० व्होल्टची बाजू आणि पाच व्होल्टची बाजू एकमेकींपासून पूर्ण तोडलेल्या असतात व ऊर्जा लहानशा ट्रान्सफॉर्मरमधून पलीकडे जाते. रेडिओ-टीव्हीत खरखर येऊ नये म्हणून या दोन बाजूंच्या मध्ये एक छोटा, बहुधा निळ्या चकतीसारखा कपॅसिटर बसवतात, ज्यावर वाय-वन असा वर्ग छापलेला असतो. दोन पिनांच्या चार्जरला अर्थिंगची तार नसल्यामुळे या कपॅसिटरमधून झिरपणारा किंचित प्रवाह फोनच्या धातूच्या कडेपर्यंत येतो आणि ओल्या लादीतून जमिनीत जाण्याची वाट मिळाली की तो आपल्याला जाणवतो. चपला घातल्या की वाट बंद होते, म्हणून मुंग्याही थांबतात.

हिशेब करून पाहा. कपॅसिटर २.२ नॅनोफॅरडचा धरला आणि त्यावर पूर्ण २३० व्होल्ट पडले असे मानले, तरी ५० हर्ट्झला प्रवाह ०.१६ मिलिअँपिअरच्या आसपास येतो, आणि प्रत्यक्षात तो बहुधा याहूनही कमी असतो. एवढ्या प्रवाहाने कातडी झिणझिणते, परंतु हृदयावर परिणाम होत नाही. तुम्ही टेस्टर लावलात तर तो उजळेल, कारण त्यातल्या निऑन दिव्याला इतकाही प्रवाह पुरतो. मल्टिमीटरने धातूची कड आणि अर्थिंग यांच्यामध्ये मोजले तर ८० ते ११० व्होल्टसुद्धा दिसतील. आकडा पाहून छातीत धस्स होते खरे, पण त्या दोन टोकांवर दहा हजार ओहमचा रेझिस्टर जोडून पुन्हा मोजा. चांगल्या चार्जरमध्ये व्होल्टेज दोन व्होल्टच्याही खाली कोसळते. मागे जोर नसलेला विद्युतदाब असा ओळखता येतो.

घोडबंदरवाला
तुमचे गणित चांगल्या चार्जरचे आहे, साहेब. लंडनचा माणूस मग कशाने गेला?

महापे सप्लाय
बातम्यांतून जेवढे कळले त्यानुसार चार्जर एक्स्टेन्शनवर लावून टबापर्यंत आणला होता आणि तो छातीवर ठेवलेला असताना पाण्याला लागला. म्हणजे २३० व्होल्टची बाजूच पाण्यापर्यंत पोहोचली, आणि अशा वेळी फोन वापरात होता की नव्हता याने काही फरक पडत नाही. घरात फोन वापरताना धक्का बसण्याचा खरा मार्ग दुसरा आहे, आणि तो चार्जरमधील दोन बाजूंचे वेगळेपण तुटण्याचा आहे. फूटपाथवरचे काही चार्जर मी उघडून पाहिले आहेत. एकात दोन्ही बाजूंच्या तांब्याच्या पट्ट्यांमधले अंतर एक मिलिमीटरसुद्धा नव्हते, ट्रान्सफॉर्मरच्या दोन गुंडाळ्यांच्या मध्ये पिवळ्या टेपचा एकच थर होता, आणि वाय-वन कपॅसिटरच्या जागी साधा सिरॅमिक बसवला होता. असा साधा कपॅसिटर विजेच्या एखाद्या लाटेने आतून शॉर्ट झाला, तर पाच व्होल्टची केबल थेट मेन्सला जोडली जाते. सगळ्यात वाईट भाग हा की फोन त्यानंतरही अनेकदा बिनतक्रार चार्ज होत राहतो, त्यामुळे बाहेरून काही कळत नाही. ओल्या अंगाचा रोध एक-दोन हजार ओहमपर्यंत खाली येतो, म्हणजे मग शंभर मिलिअँपिअरच्या घरात प्रवाह वाहू शकतो. वर काढलेल्या आकड्याच्या तो शेकडो पट आहे आणि जीवघेणा आहे. त्या वेळी कानात तारेचे इअरफोन असतील, तर ती तारही त्याच वाटेचा भाग होते.

कळवा वायरिंग
एवढा खोल विचार करायची गरज नाही. घरी अर्थिंग नीट करून घ्या आणि मेन बोर्डात विजेची गळती होताच पुरवठा तोडणारी ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवा. काहीही झाले तरी ती ट्रिप होणार आणि माणूस वाचणार. आमच्या भागातल्या जुन्या चाळींमध्ये अर्थिंगच नाही, शॉक त्यामुळे लागतो.

महापे सप्लाय
आरसीसीबी बसवा, हे अगदी योग्य सांगितलेत. परंतु दोन पिनांच्या चार्जरला अर्थिंगचा स्पर्शच होत नाही, त्यामुळे तुमचे अर्थिंग कितीही उत्तम असले तरी या मुंग्या जाणार नाहीत, उलट चांगल्या अर्थिंगच्या नळाला हात लावल्यास त्या अधिक जाणवतील. दुसरे असे की चार्जरमधली मेन्सची बाजू एसीचे डीसी करणाऱ्या रेक्टिफायरच्या पलीकडची असते, म्हणून तिथून गळणारा प्रवाह सरळ एसी नसून अर्ध्या-अर्ध्या लाटेचा असू शकतो. ज्या आरसीसीबीवर नुसते नागमोडी लाटेचे चिन्ह छापलेले असते, ती एसी प्रकारची असते आणि अशा प्रवाहाला ती ट्रिप होईलच याचा भरवसा नाही. नागमोडी लाटेखाली एकेकट्या टेकड्यांचे चिन्ह असेल, तर ती ए प्रकारची, आणि ती या कामासाठीच असते.

कळवा वायरिंग
तुम्ही म्हणता ते चिन्ह मी आजवर नीट पाहिले नव्हते. तरीही मी म्हणेन की एसी प्रकारची आरसीसीबी अजिबात नसल्यापेक्षा कितीतरी चांगली. ग्राहक ए प्रकारचा भाव ऐकून मागे फिरतो आणि मग काहीच बसवत नाही, हेही लक्षात घ्या.

सानपाडा आजोबा
प्रश्न चार्जिंगचाच आहे म्हणून विचारतो. मी रोज रात्री फोन चार्जिंगला लावून उशीखाली ठेवतो. आता फोनची पाठ फुगून वर आली आहे आणि स्क्रीन एका कोपऱ्यातून उचलला गेला आहे. रात्रभर करंट जास्त गेल्यामुळे असे झाले का?

महापे सप्लाय
काका, आधी तो फोन चार्जिंगला लावणे थांबवा, फुगलेला भाग दाबून बसवू नका, टोचू नका आणि सर्व्हिस सेंटरमध्ये बॅटरी बदलून घ्या. पूर्ण भरल्यावर फोन स्वतःच प्रवाह तोडतो, त्यामुळे “जास्त करंट” हे कारण नाही. मात्र उशीखाली उष्णता अडकते, आणि पूर्ण भरलेली बॅटरी तासन् तास गरम राहिली तर आतील द्रवाचे विघटन होऊन वायू साठतो. चार्जिंग चालू ठेवून तासभर गेम खेळल्यावरही फोन असाच तापतो, कारण चार्जिंगची उष्णता आणि प्रोसेसरची उष्णता एकाच वेळी त्याच पातळ डब्यात साठते. लिथियम-आयन बॅटरी सहसा ४५ अंशांच्या वर चार्ज करायची नसते, म्हणून फोन तापला की स्वतःच चार्जिंग मंद करतो. तुमचा फोन खेळताना टक्के वाढवत नसेल, तर तो तापल्याचा संकेत असू शकतो. मला विचाराल तर चार्जिंगचा फोन खेळासाठी हातात न देण्याचे हेच कारण आहे, शॉकचे नाही.

घोडबंदरवाला
म्हणजे शेवटी वापरू नये हेच निघाले. शिवाय गॅलॅक्सी नोट ७ चे स्फोटही २०१६ मध्येच झाले होते.

महापे सप्लाय
त्या फोनमध्ये दोष बॅटरीच्या बांधणीत होता. एका पुरवठादाराच्या बॅटरीचा कोपरा दबत होता आणि दुसऱ्याच्या बॅटरीत वेल्डिंगचे कंगोरे होते, असे कंपनीनेच २०१७ च्या जानेवारीत जाहीर केले. चार्जिंगच्या वेळी फोन वापरण्याशी त्याचा संबंध नव्हता. आपला निष्कर्ष जवळपास एकच असला तरी कारण वेगळे आहे, आणि कारण वेगळे असले की काळजीही वेगळी घ्यावी लागते. प्लग काढून फोन उचलण्याचा तुमचा नियम वाईट नाही, परंतु घरात सदोष चार्जर असेल तर चार्ज होत असलेल्या फोनला नुसता चुकून हात लागला तरी धोका तोच.

कोपरीकर
आमचा चार्जर स्टेशनबाहेरच्या दुकानातून घेतला होता आणि त्यावर कंपनीचे नाव सोडून काही छापलेले दिसत नाही. मुलाच्या फोनसोबत आलेला चार्जर लावला तरी मुंग्या येतात, पण कमी. आता कोणता ठेवायचा, हे कसे ठरवावे?

महापे सप्लाय
ज्यावर काही छापलेले नाही, तो ठेवू नका. भारतीय मानक ब्युरोच्या नोंदणीत असलेल्या चार्जरवर IS ने सुरू होणारा मानकाचा क्रमांक आणि R- पासून सुरू होणारा आठ आकड्यांचा क्रमांक छापलेला असतो. बीआयएस केअर ॲपमध्ये Verify R-number under CRS असा पर्याय आहे, त्यात क्रमांक टाकून उत्पादकाचे नाव जुळते का ते पाहा, कारण क्रमांकही नकली छापतात. मुलाच्या चार्जरबाबत मुंग्यांच्या तीव्रतेवरून निदान करू नका, ती लादीच्या ओलीवर आणि तुमच्या हातावर अवलंबून असते. कळवेकरांकडे इन्सुलेशनचा रोध मोजणारा मेगर असेलच. चार्जरच्या दोन्ही पिना एकत्र धरून आणि यूएसबीच्या धातूच्या तोंडावर दुसरे टोक लावून ५०० व्होल्टला त्यांनी मोजले, तर चांगला चार्जर शेकडो मेगाओहम दाखवतो. काही मेगाओहमच आले, तर तो बाद.

कळवा वायरिंग
मेगर आहे. ताई, चार्जर घेऊन या, मोजून देतो. पण महापेवाले साहेब, मेगरने चांगला निघालेला चार्जर पुढच्या पावसाळ्यातही चांगलाच राहील, ही हमी देता का?

महापे सप्लाय
नाही. मोजमाप त्या दिवसापुरते असते. म्हणूनच चार्जरचा दर्जा आधी पाहा म्हणतो.

घोडबंदरवाला
मी माझा नियम बदलणार नाही. आमच्याकडे मेगर नाही आणि प्लग काढायला काही सेकंद लागतात.