अनुभव धागा: व्यवहार्यता अहवालाचा सारांश, साहेब फक्त तोच वाचणार आहेत

आमच्या शेतकरी कंपनीच्या डाळ मिलचा व्यवहार्यता अहवाल 140 पानांचा झाला आहे. बँकेच्या वरच्या कचेरीत त्यातली सुरुवातीची तीन पानंच वाचली जातील, असं शाखेतून स्पष्ट सांगितलंय. ज्यांनी असा सारांश लिहिला किंवा वाचला आहे, त्यांनी कुठे चुकलं आणि काय बदललं ते सांगावं. — धुरेकरी, वाशीम जिल्हा

पांदण:
ताई, माझी चूक तुमच्याच धंद्यातली आहे, म्हणून सविस्तर सांगतो. तीन वर्षांपूर्वी अशाच एका डाळ मिलचा अहवाल मी लिहिला. सारांशात वाक्य होतं, "जिल्ह्यात तुरीचं मोठं क्षेत्र असल्याने कच्चा माल पुरेसा उपलब्ध आहे." खोटं काहीच नव्हतं. पण जिल्ह्यात पिकलेली तूर आणि मिलच्या दारात येणारी तूर यांत फार फरक असतो. शेतकऱ्याला पैसे त्याच दिवशी लागतात, तो व्यापाऱ्याकडे जातो.

खरा आकडा पान 83 वर होता. मिल वर्षाला 6,000 क्विंटल भरडणार होती. ना नफा ना तोटा व्हायला 4,100 क्विंटल लागत होते, आणि सभासदांकडून खात्रीने येणारी तूर होती 2,700. म्हणजे तोटा टाळायलाच 1,400 क्विंटल बाजारातून रोखीने घ्यायची. क्विंटलला 7,000 रुपये धरले तर 98 लाख. आवक दोन-तीन महिन्यांतच आटोपते, तेव्हा माल हंगामातच भरून ठेवावा लागतो. आम्ही खेळतं भांडवल मागितलं होतं 40 लाख.

वरच्या साहेबांनी सारांश वाचून तत्त्वतः होकार दिला. महिनाभराने तपासणी अधिकारी पान 83 पर्यंत पोचले आणि फाईल परत आली. साहेबांचा राग प्रकल्पावर नव्हता, आमच्यावर होता.

दुसऱ्यांदा पहिलाच परिच्छेद असा लिहिला: "मिल चालेल, पण वर्षाला किमान 4,100 क्विंटल तूर मिळाली तरच. सभासदांची हमी 2,700 ची आहे. उरलेली 1,400 हंगामात विकत घेण्यासाठी खेळतं भांडवल 40 ऐवजी 98 लाख हवं. ते न मिळाल्यास पहिली दोन वर्षं सभासदांच्या तुरीवर लहान यंत्र चालवावं." यंत्रं, जागा, वीजजोडणी हे सगळं त्यानंतर, थोडक्यात.

मृगबहार:
सारांश सगळ्यात शेवटी लिहायचा, हे पक्कं. आणि सोपी रीत म्हणजे प्रत्येक प्रकरणाचा एक परिच्छेद, त्याच क्रमाने. मी आजवर तसंच केलंय.

पांदण:
शेवटी लिहायचा, बरोबर. कारण यंत्राचं नवं दरपत्रक आलं की तक्ते बदलतात आणि सारांशात जुनाच आकडा राहतो. मी आता सारांशातल्या प्रत्येक आकड्याशेजारी पेन्सिलीने पान नंबर टाकतो आणि पाठवायच्या आदल्या दिवशी एकेक जुळवतो. पण क्रम तोच ठेवला, तर अकरा प्रकरणांत पैशांचा निकाल नववा येतो. तोवर साहेबांनी पार्श्वभूमी, हवामान, पर्जन्यमान वाचलेलं असतं.

कवठ:
माह्या शेळीपालनाची फाईल सहा महिने झाले पडून आहे जी. सारांश लिहून देलो तर हलंल काय?

धुरेकरी:
भाऊ, तुमचं दुखणं निराळं दिसतं. फाईल कोणत्या कागदावाचून अडली ते आधी शाखेत लेखी विचारा.

जुना टेबल:
मी एका वित्तसंस्थेत वाचणाऱ्या बाजूला होतो. सारांशात "परिशिष्ट 7 पाहावे" आलं की मी तिथे थांबायचो, कारण परिशिष्ट माझ्याकडे आलेलंच नसायचं. तसंच "पर्याय ब किफायतशीर" हे वाक्य. पर्याय ब काय, हे अहवाल लिहिणाऱ्यालाच माहीत. "सभासदांच्या तुरीवर चालणारी लहान मिल" असं नावच लिहा.

पाठवण्याआधी एक करा. अहवाल न पाहिलेल्या माणसाला फक्त सारांश द्या आणि विचारा: किती पैसे मागितलेत, कशासाठी, आणि काय झालं तर बुडतील? तिसऱ्या प्रश्नाला तो अडखळला, तर पुन्हा लिहा.

धुरेकरी:
आमच्या लेखापालांना आजच दिला. पहिल्या दोन प्रश्नांना लगेच उत्तर दिलं, तिसऱ्याला म्हणाले, "पाऊस." तुरीच्या आवकेचा शब्दच नव्हता. पण आमचे अध्यक्ष म्हणतात, अट पहिल्याच परिच्छेदात घातली तर साहेब तिथेच नकार देतील.

मृगबहार:
अध्यक्षांचं मला पटतं. आधी फायदा, दुसऱ्या पानावर अट.

जुना टेबल:
दुसऱ्या पानावरची अट मला लपवलेली वाटायची. पण माझ्या शेजारच्या टेबलावरचे साहेब "पण" दिसला की फाईल बाजूला ठेवत, हेही खरं आहे.

धुरेकरी:
सोमवारी संचालकांची बैठक आहे. दोन्ही मसुदे नेते.