मदत हवी आहे: इंटर्नशिपच्या स्टायपेंडमधून 9,000 कापले, रिटर्न भरावं लागेल का?

जळगावचा_विद्यार्थी: राम राम मंडळी. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. ऑक्टोबर 2025 ते मार्च 2026 पुण्याच्या एका कंपनीसाठी घरूनच इंटर्नशिप केली. महिना 15,000 ठरले होते, हातात 13,500 आले. शिवाय महाडीबीटीची शिष्यवृत्ती जमा झाली आणि वडील खर्चाला पैसे पाठवतात. हे सगळं उत्पन्नात धरायचं का?

धुळेकर: 12 लाखांपर्यंत टॅक्सच नाही भाऊ. रिटर्न कशाला भरतो?

रावेरचा_शेतकरी: आमच्या केळीच्या पट्टीचे पैसे माझ्या खात्यात येतात, मलापण भरावं लागेल का?

करसल्लागार_भुसावळ: धुळेकर, टॅक्स शून्य असणं वेगळं आणि रिटर्नमधून सूट मिळणं वेगळं. 12 लाखांपर्यंत सवलतीमुळे कर शून्य होतो, पण नव्या पद्धतीत एकूण उत्पन्न 4 लाखांवर गेलं की रिटर्न भरावंच लागतं. उत्पन्न कमी असूनही वर्षात 25,000 किंवा जास्त टीडीएस कापला गेला असेल, तरीही भरावं लागतं.

जळगावच्या भाऊ, शिक्षणासाठीची शिष्यवृत्ती करमुक्त आहे आणि वडिलांनी दिलेला खर्च तुमचं उत्पन्न नाही. उरले स्टायपेंडचे 90,000. म्हणजे सक्ती नाही. पण कापलेले 9,000 रिटर्न भरल्याशिवाय परत येत नाहीत, म्हणून भराच. आधी incometax.gov.in वर लॉगिन करून e-File मधून Form 26AS उघडा आणि कंपनीच्या नावापुढे कोणतं कलम आहे ते सांगा.

रावेरकर, केळी स्वतःच्या शेतातली असेल तर ते शेतीचं उत्पन्न, त्यावर कर नाही. जमीन कोणाच्या नावावर आहे ते लिहून वेगळा धागा काढा, इथं गल्लत होईल.

जळगावचा_विद्यार्थी: बघितलं. कलम 194J, पण कापलेले 4,500 च दिसताहेत! कंपनीनं बाकीचे भरलेच नाहीत का?

करसल्लागार_भुसावळ: घाबरू नका. दिसतात ते ऑक्टोबर ते डिसेंबरचे. जानेवारी ते मार्चचा तपशील द्यायला कंपनीला 31 मेपर्यंत मुदत असते, त्यामुळे तो जूनमध्ये दिसेल. तोवर रिटर्न भरू नका, नाहीतर मागाल 9,000 आणि खात्याकडे नोंद असेल 4,500 ची. जूनच्या मध्यापर्यंतही आकडा बदलला नाही, तर कंपनीच्या अकाउंट्सला मेल करून फॉर्म 16ए मागा. आणि बँक खातं पोर्टलवर व्हॅलिडेट करून ठेवा, त्याशिवाय रिफंड जमा होत नाही.

चाळीसगावची_ताई: माझ्या मुलानं असंच आयटीआर-1 भरलं होतं, रिफंड आला.

करसल्लागार_भुसावळ: ताई, 194J म्हणजे कंपनीनं पगार नाही, व्यावसायिक फी दाखवली आहे. ती आयटीआर-1 मध्ये दाखवली तर सदोष रिटर्नची नोटीस येऊ शकते. मी आयटीआर-4 सुचवेन.

चाळीसगावची_ताई: पण शिकाऊ मुलाचं काम व्यवसाय कसा म्हणायचा? आमच्या सीएंनी इतर उत्पन्नात दाखवलं होतं.

करसल्लागार_भुसावळ: यावर सीएंमध्येही दोन मतं आहेत. भाऊ, इंटर्नशिपच्या पत्रात कामाचं स्वरूप काय लिहिलंय ते टाका, मग बोलू.

जळगावचा_विद्यार्थी: पत्र घरी आहे, संध्याकाळी टाकतो.