मदत हवी आहे: आजारी बाबांसाठी घेतलेला गॅप निबंधात कसा लिहायचा?

फावला_वेळ
बाबांच्या आजारपणात एक वर्ष घरी होतो. आता अर्ज भरतोय. हा गॅप जमेची बाजू वाटावा असं कसं लिहायचं? सध्या लिहिलंय ते असं: "बाबांच्या सेवेने मला संयम आणि जबाबदारी शिकवली." मित्र म्हणतो, रडगाणं वाटतंय. मुदत तोंडावर आली आहे, प्लीज लवकर सांगा.

खडीसाखर
अरे, अर्ज कुठे, कसला? आजार कोणता? तू नक्की काय करत होतास? सगळं पोटात ठेवून "कसं लिहू" विचारतोस!

निवृत्त_हेडक्लार्क
स्टॅम्प पेपरवर गॅपचं प्रतिज्ञापत्र करून घ्या, नोटरीचा शिक्का मारा, विषय संपला. भाच्याच्या प्रवेशाला तेवढंच लागलं. निबंध कुणी विचारला नाही.

फावला_वेळ
काका, हे अमेरिकेतल्या एमएससाठी आहे, बायोमेडिकल इंजिनिअरिंग. यूसी डेव्हिस आणि आणखी दोन ठिकाणी. बाबांच्या किडन्या निकामी झाल्यात. घरीच पोटाचं डायलिसिस, पिशव्या मी बदलायचो. यात लिहिण्यासारखं काय आहे?

कोथरूडचा_राजा
दोन ओळींत उरक. "कौटुंबिक कारणामुळे एक वर्ष", बस्स. एसओपी प्रोजेक्टसाठी असते, सहानुभूतीसाठी नाही. मी असंच केलं, प्रवेश मिळाला.

वृंदा_सॅक्रामेंटो
राजा, एसओपीपुरतं तुमचं बरोबर आहे. पण यूसीकडे दोन निबंध असतात. स्टेटमेंट ऑफ पर्पजमध्ये संशोधन आणि पुढचा बेत. तिथे गॅप खरंच दोन ओळींत. दुसरा पर्सनल हिस्टरीचा, तिथे हे वर्ष सविस्तर येऊ शकतं. तेच परिच्छेद दोन्हीकडे चिकटवले की वाचणाऱ्याच्या लगेच लक्षात येतं. मी आमच्या विभागात (दुसऱ्या विद्यापीठात) अर्ज वाचते, म्हणून सांगते.

फावला_वेळ, पिशव्यांची नोंद ठेवायचास का? किती आत, किती बाहेर?

फावला_वेळ
हो, वहीत. दिवसाला चार वेळा, दोन लिटर आत, चार-सहा तासांनी बाहेर. वजन, बीपी, पाण्याचा रंग. पाणी गढूळ दिसलं तर लगेच फोन करा, असं सिस्टरनी बजावलं होतं. एकदा सलग दोन दिवस सतराशे-अठराशे मिलीच बाहेर येत होतं. आधी नळी दुमडली का ते बघितलं. मग सिस्टरला आकडे वाचून दाखवले. त्यांनी पोट साफ होतंय का विचारलं. बद्धकोष्ठता होती, औषध दिल्यावर सुरळीत झालं.

वृंदा_सॅक्रामेंटो
हाच तुझा परिच्छेद! "संयम शिकलो" खोडून टाक. आकडे कमी आले, नळी तपासली, वहीतली नोंद दाखवली, कारण निघालं, असं सरळ लिही. संयम वाचणाऱ्याला आपोआप दिसेल. फक्त "मी निदान केलं" असं लिहू नकोस, निदान सिस्टरचं होतं. मग एक वाक्य जोडायचं: हे आकडे घरून दवाखान्यात फोनवर वाचून दाखवावे लागत होते, म्हणून मला घरच्या उपकरणांवर काम करायचंय. आणि हे वाक्य तेव्हाच, जर एसओपीतही तोच विषय असेल. नसेल तर ओढूनताणून आणू नकोस.

कोथरूडचा_राजा
म्हणजे बद्धकोष्ठता निबंधात? समिती हसेल.

खडीसाखर
बायोमेडिकलवाले हसतील? काहीही.

लांबचा_मामा
व्हिसा मुलाखतीत गॅपबद्दल विचारतात बरं. बँकेची कागदपत्रं तयार ठेवा. आमच्या मुलीच्या वेळी तर...

खडीसाखर
मामा, त्यासाठी वेगळा धागा काढा ना.

मला वेगळीच शंका आहे. वाचणाऱ्याच्या मनात येणारच, हा पुन्हा मध्येच सोडून तर जाणार नाही? आता बाबांकडे कोण बघतं?

फावला_वेळ
दादाची बदली इथेच झालीये, तो बघतो. पण हे लिहायचं? फार घरगुती वाटतं.

वृंदा_सॅक्रामेंटो
एक वाक्य लिहीच. "आता मोठा भाऊ जबाबदारी सांभाळतो, त्यामुळे मी पूर्णवेळ शिकू शकतो."

कोथरूडचा_राजा
मला नाही पटत. विचारलं नसताना शंका आपणच कशाला उपस्थित करायची?

खडीसाखर
विचारायची सोयच कुठे आहे, राजा? प्रत्येकाची मुलाखत होत नाही. आणि फावला_वेळ, बाबांना विचारलंस का? आजार त्यांचा आहे.

फावला_वेळ
विचारलं. म्हणाले, "बीपीचे आकडे बरोबर लिही." जुनी वही शोधतोय. वृंदाताई, नवा परिच्छेद व्यनिमध्ये पाठवू का? आणि ज्या दोन ठिकाणी एकच निबंध मागितलाय, तिथे काय करू?

वृंदा_सॅक्रामेंटो
पाठव. तिथे वहीचा प्रसंग तीन-चार वाक्यांत बसव, बाकी जागा प्रोजेक्टला. अंतिम वर्षाचा प्रोजेक्ट कशावर होता? तेही सांगितलेलं नाहीस.