मदत हवी आहे: कीबोर्ड न जोडता विंडोज टॅबवर उघड्या यादीचा स्क्रीनशॉट कसा घ्यायचा?

टॉवेल_सोलापूर

नमस्कार मंडळी. आमच्या टॉवेलच्या कारखान्यात (अक्कलकोट रोड एमआयडीसी) सुताचा साठा मोजायला कीबोर्ड वेगळा होणारा विंडोज ११ चा टॅब वापरतो. मागांच्या मधून फिरताना फक्त पडदा हातात असतो, कीबोर्ड ऑफिसात. साठ्याच्या सॉफ्टवेअरमध्ये सुताचा काउंट निवडायची यादी उघडली की 2/20 दोनदा दिसतो आणि 16 गायब असतो. सॉफ्टवेअरवाले म्हणतात, यादी उघडी असतानाचा स्क्रीनशॉट पाठवा.

अडचण अशी की यादी उघडून खाली टास्कबारवरच्या स्निपिंग टूलला बोट लावलं की यादी मिटते. मोबाईलने फोटो काढला तर वरच्या ट्यूबलाइटची चमक येते आणि पडद्यावर आडव्यातिडव्या रेघा उमटतात, आकडे वाचता येत नाहीत. पडद्याखाली विंडोजचं बटण नाही. पॉवर आणि व्हॉल्यूम दोन्ही वरच्या कडेला, शेजारी शेजारी आहेत. काय करावं?

नवी_पेठ_०७

सोपं आहे. विंडोज की आणि प्रिंट स्क्रीन एकदम दाबा. काही लॅपटॉपवर सोबत Fn पण दाबावी लागते. चित्र आपोआप सेव्ह होतं.

टॉवेल_सोलापूर

दादा, कीबोर्ड जोडलेलाच नाही. प्रश्न तोच आहे.

नवी_पेठ_०७

माफ करा, शीर्षक नीट वाचलं नाही. मग पॉवर आणि व्हॉल्यूम डाउन एकदम दाबा, मोबाईलवर दाबतो तसंच.

शेंगाचटणी

बटणांची जोडी हा मार्ग बरोबर, पण व्हॉल्यूमची बाजू उलटी झाली. अँड्रॉइडची सवय इथे फसवते. विंडोजचं बटण नसलेल्या टॅबवर पॉवर आणि व्हॉल्यूम अप ही स्क्रीनशॉटची जोडी आहे. डाउन दाबलं तर Lock, Sign out, Task Manager असे पर्याय असलेला पडदा समोर येतो, म्हणजे कीबोर्डवर कंट्रोल-ऑल्ट-डिलीट दाबल्यासारखं. तसा पडदा आला तर घाबरू नका. Cancel करा, मागचं काम जागेवरच असतं.

तुमच्या कामाला ही जोडी का चालेल ते सांगतो. यादी मिटते कारण तुम्ही पडद्यावर दुसरीकडे बोट लावता. विंडोजला वाटतं तुम्ही यादीतून बाहेर पडलात, म्हणून ती बंद करते. टास्कबार, स्टार्ट मेनू, टच कीबोर्ड, कुठेही बोट लागलं तरी हाच धोका. कडेची बटणं पडद्याला हातच लावत नाहीत, त्यामुळे यादी उघडी राहते.

आता दाबायचं कसं. टॅब आडवा धरा आणि आधी नुसतं व्हॉल्यूमचं बटण एकेका बाजूने दाबून कुठल्या बाजूला आवाजाची पट्टी वाढते ते बघून घ्या. ती बाजू लक्षात ठेवा. पट्टी पडद्यावरून जाईपर्यंत दोनतीन सेकंद थांबा. मग यादी उघडा, एक बोट पॉवरवर आणि दुसरं व्हॉल्यूम अपवर आधी नुसतं टेकवून ठेवा, आणि दोन्ही एकाच क्षणी दाबून लगेच सोडा. पडदा क्षणभर अंधुक होऊन परत उजळला की चित्र निघालं. आवाज नाही, खिडकी नाही, तेवढीच खूण.

फाइल Pictures मधल्या Screenshots फोल्डरमध्ये, Screenshot (1).png अशा नावाने मिळेल. कंसातला आकडा दर वेळी वाढत जातो. जुनी चित्रं पुसली तरी तो परत एकवर येत नाही, त्यामुळे 40 बघून आधीची 39 कुठे गेली म्हणून शोधू नका.

टॉवेल_सोलापूर

करून बघितलं. पहिल्यांदा पडदाच झोपला. दुसऱ्यांदा चित्र निघालं पण त्यात आवाजाची पट्टी आली. तिसऱ्यांदा पडदा अंधुक झाला, पण Screenshots मध्ये तिसरी फाइल दिसतच नाही!

शेंगाचटणी

तिन्हींची कारणं वेगळी आहेत.

पडदा झोपला म्हणजे पॉवर आधी लागलं. व्हॉल्यूम अजून आलं नव्हतं, म्हणून विंडोजने नुसतं पॉवर दाबलं असं धरलं. पट्टी आली म्हणजे व्हॉल्यूम आधी लागलं. दोन्ही बटणं शेजारी असली की एकाच बोटाने दोन्ही दाबायचा मोह होतो आणि तिथेच मागेपुढे होतं. दोन वेगळी बोटं वापरा. टॅब मांडीवर किंवा टेबलावर टेकवून दाबलंत तर आणखी सोपं, हातात अधांतरी धरलेला टॅब दाबताना हलतो.

एक गोष्ट मात्र सांभाळा. होत नाही म्हणून पॉवर दाबून धरू नका. आधी खाली सरकवून बंद करायचा पडदा येतो, आणि तरीही धरून ठेवलं तर टॅब सक्तीने बंद पडतो. साठ्याची नोंद सेव्ह केलेली नसेल तर गेली. आणि बंद टॅब सुरू करताना व्हॉल्यूम अप दाबलेलं राहिलं तर सरफेससारखे टॅब विंडोजऐवजी फर्मवेअरच्या सेटिंगमध्ये जातात. तिथे काही बदलू नका, बाहेर पडून पुन्हा सुरू करा.

तिसऱ्या फाइलचं: पडदा अंधुक झाला म्हणजे चित्र नक्की निघालंय, फक्त दुसरीकडे पडलंय. वनड्राइव्हमध्ये बघितलंत का? वनड्राइव्हने तुमचं Pictures फोल्डर स्वतःकडे घेतलं असेल तर चित्र OneDrive, त्यात Pictures, त्यात Screenshots इथे जातं. एक्सप्लोररमध्ये Pictures नावाची दोन फोल्डरं असू शकतात, आपण रिकामं उघडून बसतो.

टॉवेल_सोलापूर

मिळाली! वनड्राइव्हच्या Pictures मध्ये होती, आणि यादी उघडी आहे, 2/20 दोन्ही वेळा स्पष्ट दिसतोय. मी बघत होतो ते जुनं फोल्डर, त्यात आधीच्या एका सेटिंगच्या वेळची चित्रं होती म्हणून गोंधळ झाला. पण आमच्या साठा मोजणाऱ्या ताईंना दोन बटणांचा हा मेळ जमेल असं वाटत नाही, त्यांच्या एका हातात नोंदवही असते. दुसरा मार्ग आहे का?

हुरडा_पार्टी

आहे. स्निपिंग टूलला उशीर लावा. टूल उघडलं की घड्याळाचं चिन्ह दिसतं, त्यात 3, 5 आणि 10 सेकंद असे पर्याय असतात. तुमच्यासाठी 5 ठीक, यादीपर्यंत पोचायला दोनतीन बोटं लावावी लागत असतील तर 10. त्याच्या शेजारी आकार निवडायचा पर्याय आहे, तिथे पूर्ण पडदा निवडून ठेवा, म्हणजे नंतर बोटाने चौकोन ओढायला लागत नाही. मग New दाबा, साठ्याच्या खिडकीत जाऊन यादी उघडा आणि हात काढून घ्या. वेळ संपली की तेव्हा जसा पडदा असेल तसा गोठतो, उघड्या यादीसकट. विंडोज ११ मध्ये चित्र आपोआप Screenshots मध्येही जातं.

यात एकच चूक होते: घाईत माणूस वेळ संपायच्या आत यादीतलं काहीतरी निवडून टाकतो आणि ती मिटते. ताईंना सांगा, यादी उघडल्यावर पडद्यावरून बोट उचलायचं.

कुमठे_नाका

उशीर वगैरे कशाला, डेस्कटॉपवर एक शॉर्टकट करून ठेवा. रिकाम्या जागेवर बोट दाबून धरलं की मेनू येतो, त्यात New, मग Shortcut, आणि पत्त्याच्या जागी हे लिहा:

```
explorer.exe ms-screenclip:
```

शेवटचा विसर्ग चिन्हासारखा दिसतो तो कोलन आहे, तो सोडू नका. नाव काहीही द्या. त्याला दोनदा टिचकी मारली की थेट चौकोन ओढायचा पडदा येतो. मी रोज हेच वापरतो.

शेंगाचटणी

रोजच्या कामाला छान आहे, मीही सुचवतो. पण इथे नाही चालणार. शॉर्टकटला बोट लावायला डेस्कटॉपवर जावं लागतं आणि तेवढ्यात यादी मिटते, म्हणजे परत मूळ प्रश्नावरच आलो. उघडे मेनू आणि याद्या यांच्यासाठी बटणांची जोडी नाहीतर उशीर, हे दोनच.

कुमठे_नाका

हे लक्षातच आलं नव्हतं. बरोबर आहे.

जुना_टॅब

माझ्याकडे सरफेस प्रो ३ आहे, पडद्याच्या कडेला विंडोजचं चिन्ह आहे. त्यावर पॉवर आणि व्हॉल्यूम अप दाबून काहीच होत नाही.

शेंगाचटणी

तुमच्या टॅबची जोडी वेगळी. विंडोजचं बटण असलेल्या टॅबवर ते बटण आणि व्हॉल्यूम डाउन. आधी विंडोजच्या चिन्हावर बोट ठेवून धरा, मग डाउन एकदा दाबा. हे चिन्ह स्पर्शाचं असतं, दाबलं जाण्याचा खटका लागत नाही, म्हणून बोट पूर्ण टेकलंय याची खात्री करा, नाहीतर नुसता आवाज कमी होतो. प्रो ४ पासून ते चिन्ह गेलं आणि पॉवर-अपची जोडी आली. एकाच नावाच्या टॅबचे दोन नियम असल्यामुळे सगळीकडे उलटसुलट उत्तरं मिळतात.

पार्क_चौक

माझा प्रश्न जरा वेगळा. दुसऱ्या एका कंपनीचा टॅब, विंडोज १०, विंडोजचं बटण नाही. पॉवर-अप कितीही नीट दाबलं तरी पडदा झोपतोच. नुसत्या व्हॉल्यूमने आवाज वाढतो, म्हणजे बटण चांगलं आहे.

नवी_पेठ_०७

पॉवर ऑप्शनमध्ये जाऊन पॉवर बटण दाबल्यावर काहीच करू नये असं ठेवा. मग झोपणार नाही.

शेंगाचटणी

झोप थांबेल, पण जोडी ओळखली जाईलच असं नाही, दोन गोष्टी वेगळ्या आहेत. आणि मग नुसत्या पॉवरने पडदा बंद करायची सोयही जाते. पार्क_चौक, मधल्या काळात विंडोज १० ला उजवीकडच्या ॲक्शन सेंटरमध्ये Screen snip ची टाइल असते ती वापरा. उघड्या याद्यांसाठी Snip & Sketch मध्ये New च्या बाणाखाली 3 आणि 10 सेकंदांचा उशीर आहे. विंडोज नव्याने टाकल्यावर हे सुरू झालं का, की पहिल्यापासून असंच आहे?

पार्क_चौक

सेकंडहँड घेतलाय, त्याच वेळी विंडोज नवीन टाकून दिलं होतं. आधीचं माहीत नाही.

शेंगाचटणी

मग तुमच्या मॉडेलच्या पानावरून बटणांचा ड्रायव्हर घेऊन टाकून बघा. नुसतं व्हॉल्यूम चालतंय त्यामुळे तोच दोष आहे असं मी छातीठोक म्हणत नाही. मॉडेल नंबर बहुतेक मागच्या बाजूला बारीक अक्षरात असतो, तो इथे टाका.

टॉवेल_सोलापूर

ताईंनी 10 सेकंद लावून पहिल्याच झटक्यात चित्र काढलं. 5 मध्ये यादी उघडेपर्यंत वेळ संपत होती, कारण आधी गोदाम निवडावं लागतं. दोन्ही चित्रं सॉफ्टवेअरवाल्यांना पाठवली.